शीतलला जायचं गाणं: आइस्क्रीमच्या दुकानासाठी पोरांच्या तोंडात बसणाऱ्या ओळी

"बेळगावच्या शहापूरला आमच्या काकांचं आइस्क्रीम पार्लर आहे. नाव 'शीतल' धरून चाला. खरं नाव वेगळं आहे, पण घडण तशीच. रिक्षावर लावायला आणि मोबाइलवर फिरवायला मी चार ओळी लिहिल्या, ओळखीच्या एकाकडून चाल लावून घेतली. महिना झाला, पण एक पोरगं ते गाणं म्हणत नाही. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कानडी. कुठं चुकलं? ओळी अशा:

शीतल आइस्क्रीम, चव न्यारी,
शुद्ध दुधाची लज्जत भारी,
या हो सारे, घ्या अनुभव,
शीतलचा हा गोड उत्सव."

ओळी आधी डोळ्यांनी वाचल्या, तेव्हा काही खटकलं नाही. मग टाळी वाजवत मोठ्यानं म्हणून पाहिल्या आणि दुसऱ्याच ओळीला दम लागला. वीसेक वर्षं मी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात रिक्षाचा भोंगा आणि केबलवरच्या जाहिराती यांच्यासाठी असल्या ओळी लिहितोय. तुमची चूक मीही सुरुवातीला कैक वेळा केली आहे. या ओळी काकांना आवडाव्यात म्हणून लिहिल्या आहेत, आणि काकांना त्या आवडल्या असणारच. सात वर्षांच्या पोराला मात्र त्यांच्याशी खेळण्यासारखं काही सापडत नाही.

सगळं सांगत बसलो तर लांबेल. म्हणून तालाची जागा आणि दुकानाचं नाव या दोनच गोष्टींवर नीट बोलतो. बाकीचं ओघात येईल.

पोरं जे काही आपणहून म्हणतात, म्हणजे चिडवाचिडवी, राज्य ठरवायची गाणी, पावसाला बोलावणं, त्याचा सांगाडा जवळजवळ सगळीकडे एकच असतो. ओळीला चार टाळ्या, आणि एका टाळीत दोन घरं, म्हणजे ओळीला आठ घरं. घर म्हणजे तोंडातून एका झटक्यात निघणाऱ्या तुकड्याची जागा. तबलजी याला सरळ केरवा म्हणेल. पण गंमत आठव्या घरात आहे. पोरांच्या ओळीत ते बहुतेक वेळा रिकामं असतं. सात घरं भरली की आठव्यात श्वास घेता येतो, टाळी देता येते, उडी मारता येते, समोरच्याला ढकलता येतं. ती मोकळी जागा असली की पोरगं ओळ परत म्हणतं, कारण तिथं त्याला काहीतरी करायला मिळतं.

आता तुमच्या ओळी तोंडानं बोलतो तशा मोजा. शी-तल-आ-इस-क्रीम-चव-न्या-री, आठ. शुद-ध-दु-धा-ची-लज-जत-भा-री, नऊ. तिसरी आठ, चौथी सात. पहिल्या तिन्हींत एकही घर मोकळं नाही, दुसरीत तर एक जास्तच कोंबलंय. चाल लावणाऱ्यानं कुठं तरी ओढून, कुठं दाबून ते बसवलं असेल. गाणाऱ्याला ते जमतं, त्याचं ते कामच आहे. पोरगं मात्र 'लज्जत'वर अडखळतं आणि सोडून देतं.

शब्दांचंही बघा. 'अनुभव', 'लज्जत', 'उत्सव' हे शब्द ते घरी कोणाला बोलताना ऐकत नाही. आणि 'आइस्क्रीम' हा शब्द तर गाण्याचा वैरीच आहे. कोणी 'ऐस्क्रीम' म्हणतं, कोणी 'आस्क्रीम', कोणी चार घरांत ओढून 'आ-इ-स-क्रीम'. एकाच घोळक्यात चौघांची घरं वेगवेगळी पडतात आणि ताल तुटतो. म्हणून मी तो शब्द गाण्यात घेतच नाही. गाणं संपल्यावर बोलणारा माणूस म्हणतो, ते पुरतं.

सगळ्यात लहान गिऱ्हाईक तीन-चार वर्षांचं असतं. त्याला र जमत नाही, जोडाक्षरं जमत नाहीत. म, ल, त, क, च, प मात्र बिनतक्रार येतात. एका दुकानाला मी मोठ्या हौसेनं 'गार गार' दिलं होतं. बालवाडीतली पोरं ते 'गाल गाल' म्हणत स्वतःचेच गाल ओढायची. दुकानदार खूश होता, मीही. पण गाल कुठल्या दुकानाचे हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आता नाव. आपल्याकडच्या गिऱ्हाइकात हीच खरी मेख आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही.

'शीतल' आपण मराठीत 'शी-तल' म्हणतो. शेवटचा अ आपण गिळतो, त्यामुळं घरं दोन होतात. कानडी माणूस तो गिळत नाही. तो 'शी-त-ल' असं तिन्ही अक्षरं फोडून म्हणतो, आणि आपल्या कानाला ते 'शीतला' ऐकू येतं. आपण 'संगम' म्हणतो, तो 'संगमा' म्हणतो. आपला 'गणेश' त्याच्या तोंडी 'गणेशा' होतो. म्हणजे एकाच नावाची मराठी पोराच्या तोंडात दोन घरं आणि कानडी पोराच्या तोंडात तीन. तुमच्या पहिल्याच शब्दावर निम्मं गिऱ्हाईक तालाबाहेर जातं. तुमच्या ओळीत कानडी पोरगं 'शीतला आइस्क्रीम' म्हणालं की नऊ घरं होतात आणि 'न्यारी' टाळीच्या पलीकडे जाऊन पडते.

नाव बदलता येत नाही, बोर्ड लागलेला असतो. मग नावाला असा शेपूट लावायचा की दोघांचीही घरं सारखी व्हावीत. 'शीतल'ला मी बराच वेळ इकडून तिकडून बघितलं. 'शीतलचं', 'शीतलमध्ये', 'शीतलकडे'. शेवटी आपण रोज जे बोलतो तेच सापडलं. आपण म्हणतो बेळगावला जातो, खानापूरला जातो. तसंच शीतलला जातो. मराठी पोरगं म्हणेल 'शी-तल-ला'. कानडी पोरगं आपल्या सवयीनं 'शी-त-ला' म्हणेल. दोघांचीही तीन घरं, दोघांचाही शेवट 'ला'वर. आणि 'ला' मिळाला की यमकाची ददातच मिटते: चला, तुला, मला.

काल संध्याकाळपर्यंत या दोन ओळी हातात आल्या होत्या:

चला चला, शीतलला!
एक तुला, एक मला!

घरांत मांडून दाखवतो.

च – ला – च – ला या चार अक्षरांनी पहिली चार घरं भरली, पुढं शी, तल, ला, आणि आठवं मोकळं. दुसऱ्या ओळीत 'एक' हे बोलताना एकच घर घेतं: एक, तु, ला, मोकळं, एक, म, ला, मोकळं. म्हणजे दुसऱ्या ओळीला दोनदा उसंत आहे. टाळ्या पडतात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या घरावर. पहिल्या ओळीत 'शी'वर टाळी आणि शेवटच्या 'ला'वर टाळी, म्हणजे नावाची दोन्ही टोकं टाळीवर येतात. नावाचं पहिलं अक्षर टाळीच्या मध्ये कुठं तरी पडलं तर नाव ऐकूच येत नाही. भोंग्यावर तर मुळीच नाही.

दुसऱ्या ओळीत जाहिरात दिसत नाही, पण धंदा तिथंच आहे. 'एक तुला' म्हणताना पोरगं समोरच्याकडे बोट करतं आणि 'एक मला' म्हणताना स्वतःच्या छातीवर. हे शिकवावं लागत नाही. बोट कोणाकडे करायचं यावरून लगेच खेळ सुरू होतो. आणि गाण्यात पहिल्यापासूनच आइस्क्रीमचे दोन कोन आहेत, एक नाही. चव न्यारी असल्याचं सांगून जेवढं विकलं जाईल त्यापेक्षा हे जास्त विकतं, असं माझं मत आहे. काकांना ते पटवावं लागेल.

'शीतलला'त एक धोका आहे तो सांगून ठेवतो. शीतल हे मुलीचंही नाव आहे. 'शीतलला' जवळ 'दे', 'आण', 'सांग' असं काही आलं, की ते दुकान राहत नाही, वर्गातली शीतल होते, आणि त्या बिचारीचं वर्षभर जगणं मुश्कील होतं. मुलीच्या नावाच्या एका दुकानासाठी मी एकदा हा घोळ घातलाय. त्या नावाच्या मुलीची आई दुकानात येऊन भांडून गेली, आणि तिचं बरोबर होतं. आठ दिवसांत ओळ बदलावी लागली. म्हणून 'शीतलला'च्या आधी 'चला'च पाहिजे. 'चला' म्हटलं की तो गाव, दुकान, जागा होतो. तुमच्या खऱ्या नावाची घडण अशीच असेल, तर ही एवढी गोष्ट तपासून घ्या.

तिसरी ओळ मी पोरांकडून काढून घेतली. आमच्या वडगावात संध्याकाळी मागाची खटखट चालू असते, त्यामुळं पोरांना ताल वेगळा द्यावा लागत नाही. बोळात पाच जण होती, सगळी पाच ते आठ वर्षांची. तिघं घरी मराठी बोलणारी, दोघं कानडी. मी पहिल्या दोन ओळी टाळी वाजवत तीनदा म्हटल्या आणि तिसरी माझी जोडली: 'पटकन खा रे, वितळला!' मग विषय बदलला. शाळेचं विचारलं, कोणाचा पतंग फाटला ते ऐकून घेतलं, आणि पायरीवर बसून राहिलो.

ही चाचणी अशीच करायची. 'आवडलं का?' असं विचारायचं नाही. विचारलं की पोरं हो म्हणतात, कशालाही म्हणतात. 'म्हणून दाखव' असंही सांगायचं नाही. दहा मिनिटं दुसरं काहीतरी चालू द्यायचं आणि ओळ आपणहून परत येते का ते ऐकायचं. आली तर कुठल्या रूपात आली ते शब्दाशब्दानं लिहून घ्यायचं.

सहाव्या-सातव्या मिनिटाला एकजण लगोरीचा दगड रचताना पुटपुटला, 'एक तुला, एक मला.' म्हणजे दुसरी ओळ पास. पहिली त्याच्या मागून आली. तिसरी कोणी म्हटलीच नाही. थोड्या वेळानं एका मुलीनं ती म्हटली, पण तिची: 'चाट चाट चाट चाट, पघळला!' आणि हात तोंडाशी नेऊन कोपरापर्यंत चाटल्याचं सोंग केलं. बाकीची चारही लोळायला लागली.

तिचं बरोबर आणि माझं चूक. 'वितळला' पुस्तकात असतं. आपल्याकडं आइस्क्रीम पघळतं. 'खा रे' ही आज्ञा आहे, ती मोठी माणसं देतात. 'चाट' ही कृती आहे, ती पोरं करतात. 'रे' लावल्यामुळं माझी ओळ फक्त मुलग्यांची झाली होती, हेही तिथंच लक्षात आलं. मुलीनं ती तशी म्हणायचं काही कारणच नव्हतं. मी तिचीच ओळ घेतली. फक्त चार वेळा 'चाट' म्हटल्यावर पाचव्यांदा कंटाळा येतो, म्हणून थोडी वळवली: 'चाट पटापट, पघळला!' चाट, प, टा, पट. प, घळ, ला, मोकळं. घरं बरोबर, टाळी पुन्हा सातव्या घरातल्या 'ला'वर.

इथं व्याकरणानंही थोडी मदत केली. 'पघळला' म्हणायचं तर पघळणारा पुल्लिंगी पाहिजे. आइस्क्रीम पघळतं, कुल्फी पघळते, कोन पघळतो. 'कोन' हा शब्द गाण्यात कुठंच नाही, पण ज्याच्या हातात तो असतो त्याला काय पघळला ते कळतं. तुमच्या दुकानात कुल्फीच जास्त खपत असेल तर 'ला'चं सगळं यमक फिरवावं लागेल. तेव्हा आधी काय विकायचंय ते ठरवा.

काका बहुधा म्हणतील, पघळला कशाला म्हणता, आपला माल लवकर पातळ होतो असं वाटेल. माझ्याशी एका दुकानदारानं यावर तासभर वाद घातलाय. उन्हाळ्यात बेळगावात कोन पघळणारच. उलट खूप वेळ न पघळणारं आइस्क्रीम बघितलं की मला आत काय घातलंय असा प्रश्न पडतो, कारण घट्ट धरून ठेवणारे पदार्थ घालून पघळणं लांबवता येतं. पोरांना तर पघळणं हाच सगळा खेळ आहे. त्यांना कोन आणि घड्याळ यांची शर्यत लावायची असते.

चौथी ओळ नवी लिहायची नाही. दुसरीच परत घ्यायची. चार वेगळ्या ओळी दिल्या तर पोरं पहिली आणि शेवटची धरतात आणि मधलं गाळतात. दुसरी ओळ परत आली की ती दोनदा पाठ होते, आणि 'मला'वरून पुन्हा 'चला'वर उडी मारणं सोपं जातं. गाणं गोल फिरत राहतं, थांबायची जागाच नाही. घरच्यांना थोडा वैताग येईल, पण आपलं काम झालं.

सगळं मिळून असं होतं:

चला चला, शीतलला!
एक तुला, एक मला!
चाट पटापट, पघळला!
एक तुला, एक मला!

मिनिटाला साधारण शंभर टाळ्यांचा वेग धरा. सोळा टाळ्या म्हणजे साडेनऊ-दहा सेकंदं. रिक्षा गल्लीतून हळू गेली तरी एका दारासमोर भोंगा नीट ऐकू येतो तो पंधरा-वीस सेकंदच. गाणं दहा सेकंदाचं असेल तर दारातल्या पोराच्या कानावर ते कुठूनही सुरू झालं तरी एकदा पूर्ण पडतं. तीस सेकंदाचं असेल तर एका दाराला सुरुवात मिळते, पुढच्या दाराला शेवट, आणि पूर्ण कोणालाच नाही. पत्ता, वेळ, नवीन फ्लेवर, लग्नाच्या ऑर्डरी, हे सगळं दोन फेऱ्यांनंतर साध्या बोलण्यात सांगा, गाण्यात कोंबू नका. 'शुद्ध दुधाचं' म्हणायचं असेल तर तेही बोलण्यातच, आणि माल खरंच दुधाच्या फॅटचा असेल तरच. वनस्पती फॅटचा असेल तर त्याला नियमानं 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावं लागतं, 'आइस्क्रीम' म्हणता येत नाही. काकांना डब्यावरचं लेबल वाचायला सांगा.

रिक्षाचं निघालंच आहे म्हणून. पोरं शाळेबाहेर भेटतात, तेव्हा भोंगा शाळेसमोर लावावा असं सगळ्यांना सुचतं. तसं करू नका. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळा, दवाखाने आणि कोर्ट यांच्या भोवतालचं कमीत कमी 100 मीटर अंतर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, आणि भोंग्याला एरवीही लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 तर बंदच. शाळा सुटून पोरं गल्लीत आली की मग फिरवा. गाणं दुसऱ्या दिवशी शाळेत ती स्वतः नेतात.

चालीबद्दल थोडंच. ओळखीच्या माणसानं लावलेली चाल मी ऐकलेली नाही, पण एखाद्या सिनेमाच्या गाण्यावर बेतली असेल तर सोडून द्या. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय पोरगं तुमची चाल ऐकून मूळचे शब्द म्हणायला लागतं. पोरं चिडवताना किंवा लांबून हाक मारताना दोन-तीन सुरांतच फिरतात: प, ग, प, मध्येच ध. त्यात वरचं सगळं बसतं. शिकवायला पेटी लागत नाही आणि बेसूर गायलं तरी ओळखू येतं. रेकॉर्डिंगला खर्जातला गवई नको. शाळेतली दोन मुलं आणि टाळ्या एवढं बस्स. मुलांच्या आईवडिलांना विचारून घ्या, आणि त्यांना कोन फुकट द्या.

आता कानडी निम्मं. त्याच्यासाठी मराठीचं भाषांतर करून घेऊ नका. मी पहिल्यांदा केलं होतं तेव्हा छापील कानडीत निघालं आणि कोणी म्हटलं नाही. इकडचं कानडी बेंगळूरुच्या कानडीपेक्षा वेगळं आहे, आणि पोरं इकडचं बोलतात. मी घरांचा सांगाडा तसाच ठेवला आणि शेजारच्या अक्कांना म्हटलं, याच्यात तुमच्या पोरांचं बोलणं भरा. त्यांनी गहू निवडता निवडता भरलं:

बर्री बर्री, शीतला!
ओंद निंग, ओंद नंग!
लगु लगु, करगतु!
ओंद निंग, ओंद नंग!

म्हणजे 'या या, शीतल', 'एक तुला, एक मला', 'लवकर लवकर, वितळलं'. 'ओंद निंग, ओंद नंग' मोजून बघा: ओंद, निं, ग, मोकळं, ओंद, नं, ग, मोकळं. बोट दाखवायच्या जागा जशाच्या तशा. यमक गेलं, पण ते जाऊ दे. बोट आणि टाळी राहिली. मी आधी 'शीतलला'चं सरळ कानडी रूप, म्हणजे 'शीतलक्क' घालायला निघालो होतो. अक्का हसायला लागल्या. म्हणाल्या, शीतल अक्काला बोलावताय का? म्हणून नुसतं 'शीतला' ठेवलं.

ही दोन गाणी वेगळी वाजवू नका. एक फेरी मराठी, लगेच दुसरी कानडी, मध्ये न थांबता. काल बोळात तेच झालं. कानडी दोघांनी 'ओंद निंग' धरलं, मराठी तिघांनी 'एक मला', आणि थोड्याच वेळात पाचही जण मिसळून म्हणायला लागले: 'एक तुला, ओंद नंग!' निम्मं याचं, निम्मं त्याचं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटची ओळ तशी घेतलीत तर माझी काही हरकत नाही. दोन्हीकडच्या पोरांना ती कळते, आणि मी लिहिलेल्यापेक्षा बरी आहे.

शेवटचं काम म्हणजे विडंबनाची तपासणी. पोरं प्रत्येक गाण्याचं वाकडं करतात. न केलं तर समजा गाणं चढलंच नाही. छापायच्या आधी स्वतः बसून 'ला'वर संपणारे सगळे घाण शब्द लावून बघा. अंगाला चिकटणारं किंवा कोणाच्या जातीवर, भाषेवर जाणारं काही सहज बसत असेल तर ओळ बदला. इथं भाषेचं तर फारच जपावं लागतं. या ओळींवर काल रात्री आमच्या घरातच पहिलं निघालं. नातू जेवताना म्हणाला, 'चला चला शीतलला, सर्दी झाली आज मला!' त्याची आई म्हणाली, झाली ना, मग जायचं नाही. तो म्हणाला, 'एक तुला.'

एवढं विडंबन काकांना परवडेल. खरं नाव यात बसवून, घरं मोजून, कुठं अडतं ते लिहून पाठवा. नाव कानडी तोंडात कसं येतं तेही शेजारी कोणाला तरी विचारून लिहा, नाहीतर मला परत तिथूनच सुरुवात करावी लागेल.